कुकरमधली खिचडी बिघडते कुठे? पाणी आणि शिट्टीच्या या चुका टाळा

डिसेंबरात ज्या मापाने खिचडी छान मोकळी झाली, त्याच मापाने जुलैत ती कोरडी आणि कच्चट निघते. कुकर तोच, वाटी तीच, शिट्ट्याही तेवढ्याच. तरी असं होतं, याचं कारण बहुतेक वेळा तांदळाच्या डब्यात असतं. कोकणात भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि त्यानंतर भरडून आलेला तांदूळ नवा असतो. नवा तांदूळ कमी पाणी पितो, लवकर मऊ होतो आणि एकमेकांना चिकटतो. तोच तांदूळ पावसाळ्यापर्यंत जुना झाला की त्याला पाणी जास्त लागतं आणि दाणा सुटा राहतो. म्हणून ‘तांदळाच्या दुप्पट पाणी आणि तीन शिट्ट्या’ हे वर्षभर चालणारं माप नाही.

खाली माप वाटीचं दिलं आहे. वाटी 150 मिलीची धरली आहे, म्हणजे सपाट भरली की त्यात साधारण 125 ग्रॅम तांदूळ मावतो. तुमची वाटी वेगळी असली तरी बिघडत नाही. फक्त तांदूळ, डाळ आणि पाणी तिन्ही त्याच वाटीने मोजा. तांदूळ वाटीने आणि पाणी तांब्याने, ही पहिली चूक.

मऊ हवी की मोकळी, हे पाणी ओतण्याआधी ठरवा

एक वाटी जुना कोलम आणि अर्धी वाटी मूगडाळ धरू. एकूण धान्य झालं दीड वाटी. मोकळी खिचडी हवी असेल तर पाणी धान्याच्या दुप्पट, म्हणजे 3 वाट्या. मऊ आणि आसट हवी असेल तर चौपट, म्हणजे 6 वाट्या. आजाऱ्यासाठी किंवा लहान मुलासाठी पेजेच्या वळणावर जाणारी हवी असेल तर 7 ते 8 वाट्या. तांदूळ नवा असेल तर मोकळीला पाव ते अर्धी वाटी आणि मऊला अर्धी ते एक वाटी पाणी कमी करा.

यात मधलं माप टाळावं. 4 ते साडेचार वाट्या पाणी घातलं की खिचडी धड मोकळीही होत नाही आणि धड मऊही. कुकर उघडताना ती बरी दिसते, पण ताटात येईपर्यंत तिचा गोळा होतो. दाणे फुटून पिठूळपणा सुटलेला असतो, पण तो पातळ ठेवायला पाणी पुरेसं नसतं.

दुसरी चूक म्हणजे पातेल्यातलं माप कुकरला लावणं. उघड्या पातेल्यात बरंच पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून तिथे आधण सढळ हाताने ठेवतात. कुकरमध्ये झाकण घट्ट असल्याने प्रत्येक शिट्टीला थोडीच वाफ बाहेर जाते आणि बाकीचं सगळं पाणी धान्यातच मुरतं. पातेल्यातलं माप वापरून कुकरमध्ये मोकळी खिचडी करायला गेलं की ती हमखास गिच्च होते.

तिसरी चूक भिजवण्याची. तांदूळ वीस मिनिटं भिजवला की त्याने थोडं पाणी आधीच पिऊन घेतलेलं असतं. तेवढं वरच्या मापातून वजा करावं लागतं: वाटीभर तांदळामागे साधारण पाव वाटी. ‘आज भिजवायला वेळ मिळाला म्हणून भिजवला’ आणि पाणी मात्र रोजचंच, असं झालं की खिचडी सैल पडते. मोकळी हवी असेल तर भिजवण्यापेक्षा तांदूळ धुऊन रोवळीत पंधरा-वीस मिनिटं निथळत ठेवणं चांगलं. वरचं पिठूळ पाणी निघून जातं आणि दाणा फोडणीत परतताना तुटत नाही.

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

हा सगळ्यात मोठा घोळ आहे. शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. कुकरमध्ये वाफेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती वाफ वजन उचलून बाहेर पडते, तेवढाच शिट्टीचा अर्थ. आतलं तापमान तेव्हा 120 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि धान्य शिजतं ते या तापमानात किती वेळ राहिलं त्यावर. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांतही होतात. मध्यम आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना दहा मिनिटं लागू शकतात. अगदी मंद आचेवर दाब आत टिकून राहतो, खिचडी शिजत राहते आणि शिट्टी मात्र होतच नाही. त्यामुळे एका घरची ‘तीन शिट्ट्यांची’ कृती दुसऱ्या घरच्या शेगडीवर फसते, यात नवल नाही.

भरवशाची पद्धत अशी. झाकण लावून आच मोठी ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करा आणि तिथून घड्याळ लावा. मोकळ्या मूगडाळ खिचडीला 4 मिनिटं पुरतात. मऊ खिचडीला 8 मिनिटं द्या. मग गॅस बंद करून कुकर शेगडीवरून बाजूला घ्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. त्याला दहा ते पंधरा मिनिटं लागतात.

शिट्टीच्याच हिशेबाने करायची सवय मोडत नसेल तर मध्यम आच ठेवा आणि ती मध्येच बदलू नका. तीन लिटरच्या कुकरमध्ये वर दिलेल्या मापाला मोकळीसाठी 2 आणि मऊसाठी 4 शिट्ट्या हा ढोबळ हिशेब बसतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये तेवढंच धान्य घातलं तर रिकामी जागा जास्त असते, पहिली शिट्टी उशिरा होते आणि तोवर दाणा कोमट-गरम पाण्यात फुगत बसतो. मोकळी खिचडी त्यात अर्धी बिघडते.

म्हणूनच मोकळ्या खिचडीला फोडणीत परतलेल्या तांदळावर कडकडीत उकळतं पाणी ओतावं. गार पाणी घातलं तर दाब तयार व्हायला आणखी कितीतरी मिनिटं जातात आणि त्या वेळेत दाण्याचं बाहेरचं अंग मऊ होऊन सुटायला लागतं. मऊ खिचडीला मात्र गार पाणी चालतं. तिथे हा उशीर उपयोगीच पडतो.

वाफ जिरवण्याच्या दहा मिनिटांतही शिजणं चालूच असतं. उलथण्याने शिट्टी उचलून वाफ सोडली किंवा कुकर नळाखाली धरला की दाब एकदम उतरतो आणि आतलं पाणी भसकन उकळतं. त्याने दाणे फुटतात, पिठूळ फेस वर चढून शिट्टीच्या नळीत शिरतो आणि मोकळी व्हायची खिचडी खिरीसारखी होते. शिवाय गरम फेसाने हात भाजण्याचा धोका असतो तो वेगळाच.

डाळिंब्यांची खिचडी: एक पूर्ण हिशेब

कोकणात मोकळ्या खिचडीची खरी परीक्षा मूगडाळीत नाही, वालात होते. रायगडापासून खाली रत्नागिरीपर्यंत कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून घातलेली खिचडी घराघरांत होते आणि तिच्यात दाणा आणि डाळिंबी दोन्ही अखंड दिसले तरच ती जमली असं म्हणतात.

चार माणसांसाठी दीड वाटी जुना कोलम आणि एक वाटी सोललेल्या डाळिंब्या घ्या. एवढ्या डाळिंब्यांना साधारण अर्धी वाटी कोरडे वाल लागतात. ते रात्रभर भिजवून, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, थंडीत दुसरी सकाळ उजाडते. सोलण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवले की साल सहज निघतं. जास्त गरम पाणी घेतलं तर डाळिंबी तिथेच अर्धवट शिजते आणि पुढे कुकरमध्ये तिचा भुगा होतो.

इथे पाण्याची नेहमीची चूक होते. तांदूळ दीड, डाळिंब्या एक, म्हणजे धान्य अडीच वाट्या, आणि त्याच्या दुप्पट पाच वाट्या पाणी, असा हिशेब करतात. पण डाळिंब्या भिजून आणि मोड येऊन आधीच पाण्याने भरलेल्या असतात. त्यांना जवळपास वेगळं पाणी लागत नाही. पाणी फक्त तांदळाचं मोजायचं: दीड वाटी जुन्या तांदळाला 3 वाट्या. तांदूळ नवा असेल तर अडीच.

कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करा. डाळिंब्या आधी घालून मंद आचेवर दोनच मिनिटं परता. त्यावर निथळलेला तांदूळ घालून तो कोरडा होऊन हलका वाटेपर्यंत, साधारण तीन मिनिटं, हलक्या हाताने परता. गोडा मसाला, तिखट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला. मग उकळतं पाणी ओता, एकदाच ढवळा, कडांना चिकटलेले दाणे खाली सारा आणि झाकण लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून 3 मिनिटं, मग गॅस बंद. वाफ पूर्ण जिरल्यावर उघडा.

उघडल्यावर पळीने ढवळू नका. पाच मिनिटं तशीच राहू द्या, मग उलथण्याने कडेकडेने खालून वर उचला. गरम असताना दाणा इतका नाजूक असतो की पळीच्या चार फेऱ्या मोकळ्या खिचडीची गिच्च खिचडी करायला पुरतात. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

आमसूल घालायची रीत असेल तर ते झाकण लावण्याआधी घालू नका. आंबटामुळे वालच काय, कुठलीही डाळ लवकर मऊ होत नाही. दाण्याच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. टोमॅटोचंही तेच. तांदूळ शिजून जातो आणि डाळ दाताखाली कचकचते. आमसूल कुकर उघडल्यावर खिचडीत खोचून पाच मिनिटं झाकून ठेवलं तरी आंबटपणा उतरतो. नारळाचं दूधही नंतरच. दाबाखाली ते फुटतं आणि खिचडीवर तेलाचा तवंग आणि पांढऱ्या कण्या दिसतात.

उकडा तांदूळ घेताना

सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीत घरात पेजेसाठी उकडा तांदूळ असतोच आणि कधीतरी तोच खिचडीला काढला जातो. उकड्याचं भात भरडण्याआधीच वाफवून वाळवलेलं असतं. त्यामुळे दाणा घट्ट होतो, पाणी जास्त मागतो, शिजायला वेळ घेतो आणि शिजूनही सुटाच राहतो. एक वाटी उकडा आणि अर्धी वाटी डाळ यांना 5 ते साडेपाच वाट्या पाणी लागतं, तांदूळ तासभर भिजवावा लागतो आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं लागतात.

अडचण अशी की तेवढ्या वेळात पिवळी मूगडाळ विरघळून दिसेनाशी होते. ती तशी चालत असेल तर उत्तमच. डाळ दिसायला हवी असेल तर सालीची मूगडाळ किंवा अख्खे मूग घ्या, त्यांचा आणि उकड्याचा वेळ बऱ्यापैकी जुळतो. आणि मऊ खिचडी हवी म्हणून उकड्याला शिट्ट्या वाढवत बसण्यात अर्थ नाही. तो सुरय, म्हणजे न उकडलेल्या साध्या तांदळासारखा कधीच लोण्यागत होत नाही. शिजल्यावर रवीने घोटावा लागतो. मऊ खिचडीला सुरय, त्यातही नवा, हाच योग्य.

उघडल्यावर काय दिसतं आणि मग काय करायचं

*वर पाणी तरंगतंय.* लगेच घाबरून पुन्हा शिट्टी काढू नका. झाकण न लावता पाच मिनिटं थांबा, बरंच पाणी मुरतं. तरी राहिलं तर मंद आचेवर उघडीच ठेवून आटवा. मऊ खिचडी उघडल्यावर थोडी पातळच दिसायला हवी, कारण निवताना ती घट्ट होत जाते. जेवायला अर्धा तास असेल तर ती ‘बरोबर’ दिसणं म्हणजे पानात घट्ट येणं. तेव्हा सैल करायला गरम पाणीच घाला. गार पाण्याने खिचडीवर गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं राहतं.

*दाणा चेपला तर मध्ये पांढरी कणी दिसते.* पाणी संपलं असेल तर पाव वाटी उकळतं पाणी कडेने शिंपडा, झाकण नुसतं ठेवून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं वाफवा. पाणी शिल्लक असेल तर वेळ कमी पडला आहे. झाकण लावून एकच शिट्टी घ्या.

*तांदूळ शिजला, डाळ मात्र टणक.* आंबट आधी पडलं नसेल तर डाळ जुनी आहे किंवा पाणी जड आहे. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ व्हायला लागतं आणि त्यात कुठलीही डाळ हट्टाने शिजत नाही. त्या दिवसांत खिचडीला पिण्याचं गोडं पाणी वापरा आणि डाळ अर्धा तास वेगळी भिजवा. चिमूटभर सोडा घातला की डाळ मऊ होते खरी, पण तांदळाचा चिकट लगदा होतो आणि चवही जाते, म्हणून तो मार्ग नको.

*शिट्टीतून पिवळं पाणी उडतंय.* कुकर जास्त भरला आहे किंवा फेस वर चढतोय. तांदूळ-डाळ फुगते आणि फेसाळते, म्हणून पाण्यासकट कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. आधी आच कमी करा. पुढच्या वेळी डाळ तीन-चार पाण्यांनी धुवा आणि फोडणी नसेल तर चमचाभर तेल घाला, फेस कमी होतो. जेवण झाल्यावर शिट्टी काढून नळीतून उजेड दिसतो का ते बघा. वाळलेली डाळ अडकली असेल तर नळी तुंबते आणि पुढच्या वेळी दाब बाहेर पडायला वाट राहत नाही.

*शिट्टीच होत नाही, कडेने वाफ येते.* हे नजरेआड करू नका, कारण कडेने वाफ जात राहिली की पाणी संपतं आणि तळ लागतो. बहुतेक वेळा काठावर तांदळाचा दाणा असतो किंवा रिंग पालटली, सैल पडली किंवा कडक झाली असते. गॅस बंद करा, दाब पूर्ण उतरू द्या, मगच झाकण काढून काठ पुसा. रिंग गार पाण्यात बुडवून लावून बघा. तरी वाफ आलीच तर नवी आणा. आणि झाकण पुन्हा लावण्याआधी उडालेलं पाणी भरून काढा, साधारण अर्धी वाटी, तेही उकळतं.

*खाली लागली.* वास आला की लगेच गॅस बंद करा आणि वाफ जिरू द्या. उघडल्यावर ढवळू नका, खरवडू नका. वरची खिचडी हलकेच दुसऱ्या भांड्यात काढा आणि तळाचं बोटभर तसंच सोडा. करपट वास तळाचा थर मोडल्याने पसरतो. खाली लागण्याचं कारण बहुधा तिघांपैकी एक असतं: पहिल्या शिट्टीनंतरही आच मोठीच राहिली, परतताना तळाला चिकटलेला मसाला पाणी ओतल्यावर सोडवला नाही, किंवा पातळ बुडाच्या स्टीलच्या कुकरमध्ये घट्ट खिचडी केली. इंडक्शनवर उष्णता एकाच गोलात एकवटते, तिथे पहिल्या शिट्टीनंतर सगळ्यात खालच्या पायरीवर आणा.

एका माणसापुरतीच खिचडी करायची असेल, अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ, तर ती थेट पाच लिटरच्या कुकरमध्ये करू नका. तळाला पाण्याचा पातळ थर उरतो आणि शिट्टी व्हायच्या आधीच तो आटतो. कुकरमध्ये दोन वाट्या पाणी, जाळी, आणि वर झाकणाच्या डब्यात खिचडी ठेवा. डब्यातलं पाणी मापाप्रमाणेच, पण वेळ जास्त: पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर मोकळीला 8 आणि मऊला 12 मिनिटं, कारण उष्णता डब्याच्या भिंतीतून आत जाते. डब्याला झाकण हवंच, नाहीतर कुकरच्या झाकणावरून गळणारे थेंब आत पडून मोकळी खिचडी वरून ओली होते. या पद्धतीत खिचडी खाली लागत नाही आणि शेजारच्या दुसऱ्या डब्यात बटाटे उकडून होतात.